जिलबी घरी आली: मैत्रिणीला निरोप कोणता पाठवावा आणि भेटीची तारीख कोणती द्यावी

२७ डिसेंबरच्या शनिवारी दुपारी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या मैत्रिणीने शाळेच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. दिवाणाखालच्या अंधारातून दोन डोळे आणि एक ओलं नाक बाहेर आलेलं. खाली एवढंच लिहिलेलं, "ही जिलबी. आजपासून आमची." शेपटी जिलबीसारखी वळलेली, म्हणून नाव जिलबी. गावठी, दोनेक वर्षांची, कानाच्या टोकाला नसबंदी झाल्याची खाच. दोन महिने त्यांच्याच पोळीच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी बसायची, ती आता उंबरठ्याच्या आत आली होती.

दहा मिनिटांत ग्रुपवर बदामांची रांग लागली. मी मात्र फोन हातात धरून बसले. काहीतरी छान, हलकंफुलकं लिहायचं होतं आणि "येते हं बघायला" असंही म्हणायचं होतं. पण कसं पाठवू, कोणाच्या नावाने पाठवू आणि येते तर कधी येते म्हणू, यात माझं घोडं अडलं. शेवटी मी एकाऐवजी दोन निरोप पाठवले, तेही नऊ दिवसांच्या अंतराने. तुमच्याही कुणी मैत्रिणीने असं बिऱ्हाड वाढवलं असेल आणि तुम्ही काय लिहावं म्हणून घुटमळत असाल, तर माझ्यापुढे जे पर्याय होते ते एकमेकांशेजारी ठेवून बघा.

पहिला पर्याय ग्रुपवरच्या बदामाचा. त्याबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही. ती हजेरी झाली. टाकावी आणि विसरावी. खरा प्रश्न त्याच दिवशी वेगळा निरोप पाठवावा का, हा आहे. मी पाठवला, पण त्यात एकही प्रश्न ठेवला नाही. कारण सोपं आहे. ज्या दिवशी प्राणी घरात येतो त्या दिवशी त्या बाईच्या एका हातात पोतेरं असतं आणि दुसऱ्या हातात कोणी न खाल्लेल्या दूधभाताची वाटी. रस्त्यावर वाढलेला कुत्रा नव्या घरात पहिला दिवस, कधीकधी दुसराही, तोंडात घास घेत नाही. हे नेहमीचंच आहे, पण बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. अशा वेळी "काय खाते? कुठे झोपली? भुंकते का? आई काय म्हणाल्या?" हे प्रेमाने विचारलं तरी तिला उत्तरांचा गृहपाठ होतो. म्हणून माझा पहिला निरोप असा गेला:

"जिलबीबाईंचं स्वागत! मला उत्तर देऊ नकोस, तिच्याकडे बघ. नाही, तिच्याकडेही बघू नकोस, लाजत असेल."

शेवटचं वाक्य गमतीचं असलं तरी खोटं नाही. बिचकलेल्या कुत्र्याकडे सरळ टक लावून बघणं त्याच्या भाषेत दमदाटी असते. दिवाणाखाली डोकावून "ये ये, बाहेर ये" करणारी माणसं त्याला तिथेच खिळवून ठेवतात. चेष्टेच्या ओळीत एक उपयोगाची गोष्ट घातली तर ती उपदेश वाटत नाही, हा मला त्यातला फायदा वाटला.

आता चेष्टेचाच विषय निघाला आहे तर माझं एक पाप सांगते, कारण हा सगळा विचार मी त्या पापामुळेच करायला लागले. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मैत्रिणीने पिल्लू आणलं होतं. मी मोठ्या हुशारीने लिहिलं, "बाई, आता तुझ्या सोफ्याचं काही खरं नाही! परत करायची मुदत किती दिवसांची आहे?" पुढे हसून हसून रडणारे चार चेहरे. तिचं उत्तर आलं नाही. महिन्याने भेटली तेव्हा कळलं की पिल्लू तीन रात्री सलग रडलं होतं, तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि माझा निरोप आला त्या क्षणी ती खरोखरच ते परत द्यावं का, याच विचारात स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. माझी चेष्टा बरोबर दुखऱ्या जागी बसली होती.

असं खूप जणांचं होतं. हौसेने आणलेला प्राणी घरात आला की पहिल्या दोनेक आठवड्यांत "आपण हे काय करून बसलो" असं वाटणं अगदी सर्रास आहे. झोप मोडते, घराची घडी विस्कटते, आणि वर अपराधीही वाटतं. बहुतेकांचं ते ओसरतं. पण आपला निरोप नेमका त्याच दिवसांत पोचणार असतो, हे लक्षात ठेवायला हवं.

म्हणून सोफ्याचीच चेष्टा दोन तऱ्हांनी करून बघा. "सोफ्याचं काही खरं नाही" ही एक. "सोफा गेला तर मी सतरंजीवर बसायला तयार आहे, चहा तेवढा दे" ही दुसरी. सोफा दोन्हीकडे गेलाच. पहिलीत हसं मैत्रिणीच्या निर्णयाचं होतं आणि दुसरीत ते माझ्यावर येतं, शिवाय मी येणार आहे हेही त्यात सांगून होतं. माझं मत विचाराल तर दुसरीच पाठवा. चेष्टा आपली करावी किंवा त्या प्राण्याच्या ऐटीची करावी. "एवढंच का, एखादी चांगल्या जातीची आणायची" हे तर चेष्टेतही नको. गावठी कुत्रा घरात घेणाऱ्या बाईला हे दिवसातून चारदा कोणी ना कोणी ऐकवतच असतं.

याच्या उलट टोकाचं एक वाक्य असतं, तेही मी खोडून टाकलं: "किती मोठं मन गं तुझं, एका मुक्या जिवाला घर दिलंस." ऐकायला गोड आहे. पण एकदा कोणी असं देव्हाऱ्यात बसवलं की मग पाचव्या दिवशी "अगं, मी फार वैतागले आहे" असं त्याच माणसाला कोण सांगणार? मैत्रिणीला वैतागायची मोकळीक राहील एवढाच गोडवा निरोपात असावा, असं मला वाटतं.

दुसरा पेच होता तो निरोप कोणाच्या नावे, याचा. मैत्रिणीला लिहायचं की थेट जिलबीला? मैत्रिणीला लिहिलं तर मनातलं सरळ लिहिता येतं आणि ते फक्त तिचं राहतं. तिची आई नुकतीच गेली असेल, घर रिकामं झालं म्हणून तिने मांजर आणलं असेल, तर मांजराच्या नावाने नाटकी पत्र लिहिणं बरं दिसणार नाही. तिथे तिलाच लिहावं, आणि थोडकं लिहावं. पण माझ्या मैत्रिणीचं घर भरलेलं आहे. नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा, आणि सासूबाई, ज्यांना मी काकू म्हणते. काकूंचा कुत्र्यावर राग नाही. पोळीतली कुत्री व्याली की शेजारच्या गुजराती बायकांबरोबर गूळतुपाचा शिरा करून घालणाऱ्यांत त्या पुढे असतात. बडोद्याला ही पद्धत जुनीच. त्यांचं म्हणणं एवढंच की शिरा दाराबाहेर घालायचा असतो, त्यासाठी कुत्रीला दाराच्या आत आणायचं नसतं. अशा घरात मैत्रिणीच्या फोनवर गेलेला निरोप मैत्रिणीजवळच राहतो. जिलबीच्या नावाने गेलेलं पत्र मात्र घरात मोठ्याने वाचलं जातं, कारण जिलबीला वाचता येत नाही. ते काकूंच्या कानावर पडतं, आणि त्यात काकूंच्या देवघराची बाजू घेतलेली असली तर काकूही हसतात. म्हणून दुसरा निरोप मी जिलबीला लिहायचं ठरवलं.

एक पथ्य पाळलं. काकूंना पत्रात "आजी" केलं नाही. मैत्रिणीला जिलबीची आई म्हटलं तर ती खूश होते, पण काकूंनी स्वतः ते नातं मान्य केलेलं नसताना मी बाहेरून चिकटवणं बरं नव्हे. घरात कोण कोणाला कोणत्या नात्याने हाक मारतंय हे आधी कानावर घ्यावं.

मग राहिलं साधन. आवाजात बोलून पाठवावं की कागदावर लिहून? व्हॉइस नोटचा मोठा गुण म्हणजे हसू ऐकू येतं. लिहिलेली चेष्टा कधीकधी कोरडी पडते, टोमण्यासारखी वाचली जाते, तसा धोका आवाजात फार कमी. पण तिच्यात दोन खोडी आहेत. एक म्हणजे ती स्पीकरवर लावली की आधीच कान टवकारून बसलेल्या कुत्र्याला घरात नसलेल्या बाईचा आवाज कुठून आला ते कळत नाही. जिलबी, मला नंतर कळलं, अशाच कुणाच्या तरी व्हॉइस नोटला घाबरून पुन्हा दिवाणाखाली गेली होती. दुसरी खोड म्हणजे पन्नास सेकंदांच्या बोलण्यात चाळिसाव्या सेकंदाला सांगितलेली तारीख कोणालाच परत सापडत नाही. भेटीचं वचन आवाजात दिलंच तर खाली तारीख आणि वेळ एका ओळीत टाइप करून टाकावी.

मी पोस्टकार्ड घेतलं. अजूनही पन्नास पैशांत मिळतं, म्हणजे पन्नास पैशांचं नाणं कोणी घेत नाही म्हणून आपण दोन घेतो. कार्डाची तोटे-फायद्यांची यादी करायची तर तोटा एकच मोठा: ते आज टाकलं आणि आज पोचलं असं होत नाही. पण मला तेच हवं होतं. पहिल्या दोन दिवसांत फोनवर गर्दी असते. दुसऱ्या आठवड्यात सगळे गप्प होतात, आणि कुरतडलेल्या चपला तर दुसऱ्याच आठवड्यात सापडायला लागतात. त्या आठवड्यात दारातून आत पडलेलं कार्ड जास्त कामाचं. ५ जानेवारीच्या सोमवारी मी माझ्या मांजलपूरच्या पोस्टात कार्ड टाकलं, गुरुवारी ते तिच्या हातात होतं. मांजलपूरहून रिक्षाने वीस मिनिटांचं अंतर त्याने तीन दिवसांत कापलं. जिलबीसारखीच घाई न करण्याची वृत्ती.

आता या सगळ्यातला कळीचा भाग, भेटीचं वचन. इथे मी तीन वाक्यं शेजारी शेजारी लिहून पाहिली.

"एकदा येऊन जाईन." यात कोणाला त्रास नाही आणि कोणाला काही मिळतही नाही. बडोद्यात अशा वचनांवर कित्येक मैत्र्या वीस वर्षं सुखाने टिकल्या आहेत, पण ही भेट होत नाही.

"उद्याच येते!" हे सगळ्यांत प्रेमळ वाटतं आणि जिलबीसाठी सगळ्यांत वाईट. रस्त्यावरून किंवा आश्रयघरातून आलेल्या कुत्र्यांबद्दल, अशी कामं करणाऱ्या लोकांत, तीनाचा एक ठोकताळा आहे. पहिले तीन दिवस बिचकण्याचे, तीन आठवडे घराची वेळापत्रकं कळण्याचे, आणि तीन महिने ते घर आपलं वाटायला. हा ठोकताळा आहे, पंचांग नव्हे. कोणी चौथ्या दिवशी पोटावर लोळतं, कोणी सहा महिने कोपरा सोडत नाही. पण पहिल्या आठवड्यात रोज नवी माणसं घरात येत राहिली, तर घरातली माणसं कोणती आणि पाहुणे कोणते हेच त्याला कळत नाही. आणि मैत्रिणीला "नको येऊस" म्हणायला जड जातं. ती "ये की" म्हणणार, तुम्ही चार जणी जाणार, आणि जिलबी गुरगुरली की सगळ्या म्हणणार, "अगंबाई, चावरी आहे वाटतं."

तिसरं वाक्य: "रविवारी १८ तारखेला सकाळी ११ वाजता येते, जमत नसेल तर पुढचा रविवार." तारीख आहे, ती पुरेशी लांब आहे, आणि तिला नाही म्हणायला दार उघडं आहे. मी हे निवडलं.

१८च का, तेही सांगते, कारण तारीख काढताना नुसते दिवस मोजून भागत नाही. २७ डिसेंबरपासून तीन आठवडे म्हणजे १७ जानेवारी. पण मध्ये १४ आणि १५ला उत्तरायण, पतंगांचा सण. बडोद्याची उत्तरायण ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. गच्चीगच्चीवर स्पीकर, "काप्यो छे"च्या आरोळ्या, पिपाण्या, आणि अंधार पडला की फटाके. मैत्रिणीच्या वाड्याची गच्ची मोठी, त्यामुळे दरवर्षी आम्ही सगळ्या ऊंधियू आणि जिलबीला तिथेच. मोह होता की तेव्हाच जाऊन या जिलबीलाही बघू. पण कुत्र्याची ती पहिली उत्तरायण घरात, आणि गल्लीतल्यासारखी पळून जायला जागा नाही. त्या दोन दिवसांत तिला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून, घरातल्या कुणा एकाजवळ असायला हवं. गच्चीवरचे पंचवीस पाहुणे तिच्या कामाचे नाहीत. दरवाजा उघडा राहिला आणि फटाका वाजला तर ती थेट सुरसागर तलावापर्यंत पळेल.

त्याच दिवसांत दुसरी गर्दी आपली, मराठी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. दांडिया बाजारातल्या एका घरात एका संध्याकाळी तीसचाळीस बायका येतात, प्रत्येकीच्या पैंजणांचा, पिशवीचा आणि वाणाच्या वाट्यांचा आवाज. यंदा रथसप्तमी २५ला. म्हणजे त्याआधी निवांत दिवस सापडणं कठीण. मी कालनिर्णय उलगडून बसले आणि सापडला: रविवार १८, अमावास्या. त्या दिवशी हळदीकुंकवाला कोणी बोलावणार नाही. अमावास्येला इतक्या आनंदाने मी पहिल्यांदाच खूण केली असेन.

तारखेबरोबर वचनात आणखी एक गोष्ट घातली. नुसतं "येते" म्हणण्यापेक्षा आल्यावर काय करणार नाही, ते लिहिलं. त्याने मैत्रिणीचा जीव भांड्यात पडतो, कारण मग तिला पाहुणीला शिकवत बसावं लागत नाही. कार्ड शेवटी असं झालं. पाठीमागची पूर्ण बाजू आणि पत्त्याच्या डावीकडची अर्धी, बारीक अक्षरात:

"चि. जिलबी हिस मांजलपूरच्या मावशीचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, आपण दिवाणाखालून बाहेर येऊन अर्धी खोली ताब्यात घेतल्याचे समजले. अभिनंदन. उरलेली अर्धी सावकाश घ्यावी. काकूंच्या देवघरापासून चार हात लांब राहावे, त्यातच आपले हित आहे. पतंगाच्या दोन दिवसांत खुशाल दिवाणाखाली मुक्काम करावा, कोणी हसणार नाही. मी रविवारी १८ तारखेला सकाळी ११ वाजता येते. बेल वाजवणार नाही. आपल्याकडे टक लावून बघणार नाही. आपण ओळख दिली नाहीत तरी रागावणार नाही, आपल्या आईबरोबर चहा पिऊन परत जाईन. तिळगूळ तिला, रताळे आपल्याला. गोड गोड भुंकावे.

ता. क. दिवस जमत नसेल तर आपल्या आईने 'पुढचा' एवढाच शब्द कळवावा, कारण कळवू नये."

रताळ्याचंही कारण आहे. बडोद्याचा पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही, आणि हातात बहुतेक चिवडा नाहीतर भाकरवडी असते. चिवड्यात बेदाणे असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना बाधतात, आणि किती खाल्ले की बाधतील याचा भरवसा नसतो, थोडेसुद्धा भोवू शकतात. कांदा-लसूण त्याच्या रक्ताला वाईट, म्हणजे सेव-उसळीचा रस्सा बाद. चॉकलेट बाद. माणसांसाठी न्यायचं ते जरूर न्यावं, पण बंद डब्यात, आणि काकूंच्या हातात द्यावं, टीपॉयवर ठेवू नये. तिच्यासाठी न्यायचं तर उकडलेलं रताळं, सोलून, मीठ-तूप काही न लावता, बोराएवढे आठदहा तुकडे. जास्त नाही, नवीन पोट आधीच बिघडलेलं असतं. आणि तेही मैत्रिणीला विचारूनच.

कार्डाबरोबर नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती मी माझी एक जुनी सुती ओढणी पाठवली. दोन दिवस वापरलेली, न धुतलेली. मुलाला लाज वाटली, म्हणाला, "आई, न धुतलेला कपडा लोकांच्या घरी?" पण मुद्दाच तो होता. कुत्रा माणूस नाकाने ओळखतो. घरात नवं बाळ आणताना त्याचं दुपटं आधी कुत्र्याला हुंगायला देतात, त्यातलाच हा प्रकार. ओढणी जिलबीच्या कोपऱ्याजवळ नुसती टाकून ठेवायची, तिच्या अंगावर घालायची नाही. निरोपाला जोडून द्यायची भेटवस्तू म्हणून दोऱ्याचं खेळणं, गळ्यातला पट्टा, चकचकीत वाटी यांच्या शेजारी ही ओढणी ठेवलीत तर दिसायला ती हरेल. पण पट्टा बहुतेक मापात बसत नाही, आणि चूं चूं वाजणाऱ्या खेळण्याला बिचकलेली कुत्री घाबरते.

मैत्रिणीने कुत्री न आणता दुसरं काही आणलं असेल तर हिशेब थोडा बदलतो. पिल्लू असेल आणि त्याच्या लसी पूर्ण झालेल्या नसतील, तर तारीख लसींवरून ठरवा. पार्व्होसारखा विषाणू चपलांना चिकटून येतो आणि जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. तुमच्या गल्लीत आजारी कुत्री असतील तर तुम्ही कितीही प्रेमाने गेलात तरी चपला दाराबाहेर आणि हात आधी साबणाने. मांजर असेल तर वचनातच लिहून टाका की "ते दिसलं नाही तरी मी भेटले असं धरेन", कारण पाहुणा आला की नवं मांजर कपाटामागे जातं आणि तुम्ही रिक्षात बसल्यावर बाहेर येतं. कासव किंवा पोपट आणला असेल तर गोष्ट वेगळीच. आपल्याकडचा पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा अभिनंदनाच्या कार्डाआधी एक फोन करावा.

१८ला ठरल्याप्रमाणे गेले. खाली उभी राहून फोन केला, बेल वाजवली नाही. मैत्रिणीने दार उघडलं आणि आम्ही दोघी बोलत बोलत आत गेलो, जणू जिलबी घरात नाहीच. मी सतरंजीवर बसले, तिच्या कोपऱ्याकडे खांदा करून, तिरकी. दिवाणाखालून बाहेर आलेलं नाक मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. सोफा शाबूत होता, हे नमूद करते. मी फुकटच सतरंजीवर बसले होते.

पंधरावीस मिनिटं आम्ही काकूंच्या गुडघ्यांवर बोललो. मग ती आली. पण येणं कसं, तर मान लांबच लांब पुढे ताणलेली आणि मागचे दोन पाय दिवाणाखालीच रोवलेले, म्हणजे काही झालं तर क्षणात उलटं पळता यावं. असं शरीर ताणून कुत्रा हुंगत असतो तेव्हा तो आपल्याशी दोस्ती करायला आलेला नसतो, चौकशी करायला आलेला असतो. तेव्हा हात पुढे केला की चौकशी तिथेच संपते. मी रताळ्याचा एक तुकडा तिच्या मागच्या बाजूला टाकला, माझ्याजवळ नाही. तो घ्यायला ती मागे वळली, खाऊन परत आली. दुसरा तुकडाही तसाच. मागे जायला वाट मोकळी आहे हे एकदा कळलं की पुढे यायची भीती कमी होते.

तिसऱ्या तुकड्याला माझ्याकडून घाई झाली. ती हातभर अंतरावर होती, कान मऊ दिसत होते, आणि मी वरून डोक्यावर हात फिरवायला गेले. जिलबी जागच्या जागी गोठली. जीभ नाकावरून फिरली, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला. गुरगुरली नाही. पण एवढं पुरे होतं. हात खाली घेतला आणि मैत्रिणीला म्हटलं, "चहा टाक." कुत्र्याने अशा खुणा केल्या की थांबायचं असतं. तेव्हा न थांबणाऱ्यांनाच पुढची खूण दातांनी मिळते. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, या समजावर जाऊ नये. ताठ शेपटी उंच धरून हळूहळू हलत असेल तर त्याचा अर्थ बहुतेक "जपून" असा असतो.

"मावशी रागावली नाही ना?" मैत्रिणीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"लेखी दिलंय," मी म्हटलं.

कार्ड काकूंनी फळीवर, पंचांगाच्या शेजारी टेकवून ठेवलं होतं. चहा होईपर्यंत त्यांनी मला ते माझंच कार्ड वाचून दाखवलं, देवघराच्या ओळीवर थोडा जास्त वेळ थांबून. मग म्हणाल्या, "ती येत नाही गं देवघराकडे. मीच बोलावलं होतं परवा, प्रसादाला. आली नाही."

निघताना मी ओढणी शोधली. कोपऱ्यात नव्हती. वाकून पाहिलं तर दिवाणाखाली अगदी आत, भिंतीला लागून तिची गोल गुंडाळी केलेली, आणि त्यात जिलबी जिलबीसारखीच वळून बसलेली. पुढची तारीख काकूंनी दिली, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशीची, सोमवारची. "ये," म्हणाल्या, "पण ओढणी मागू नकोस."